मोठा ऑप्शन ट्रेड दिसला की आधी काय तपासायचं: अनयुजुअल ऑप्शन अ‍ॅक्टिव्हिटी वाचायचा क्रम

स्क्रीनवर अलर्ट येतो, अमुक शेअरमध्ये १२,००० कॉल्स एका झटक्यात, आस्कला, दहा लाख डॉलरच्या वर प्रीमियम. आणि बहुतेक लोक इथेच ठरवून टाकतात की "कोणाला तरी काहीतरी माहितीये". मग पुढचा अर्धा तास त्या ठरलेल्या गोष्टीला पुरावे शोधण्यात जातो आणि पुरावे मिळतातच, शोधले की कुठलेही मिळतात. गडबड आहे ती क्रमात. हेतूचा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो आणि लोक तो पहिला विचारतात.

खाली जे लिहिलंय ते अमेरिकन स्टॉक ऑप्शन्सबद्दल आहे कारण हा सगळा प्रकार, स्वीप, ब्लॉक, फ्लो स्कॅनर वगैरे, मुख्यतः तिथलाच. एक काँट्रॅक्ट म्हणजे १०० शेअर्स. कॉल, पुट, स्ट्राईक, डेल्टा हे माहीत आहे असं धरलंय. उदाहरण एकच घेतो आणि शेवटपर्यंत तेच ओढतो. आकडे मी बनवलेले आहेत, पण असे ट्रेड रोज होतात.

उदाहरण असं: शेअर ४८.२० डॉलरला चाललाय. अलर्ट येतो की नऊ आठवड्यांनी एक्स्पायर होणारे ५५ चे कॉल, १२,००० काँट्रॅक्ट्स, ०.९० ला झाले. त्या स्ट्राईकवर सकाळचा ओपन इंटरेस्ट (ओआय), म्हणजे अजून उघडे असलेले काँट्रॅक्ट्स, ३,४००. म्हणजे वॉल्यूम ओआयच्या साडेतीन पट. प्रीमियम १२,००० × १०० × ०.९० = १० लाख ८० हजार डॉलर. स्कॅनर याला हिरवा रंग देऊन "बुलिश" लिहितो.

## १. तयारी: अलर्ट यायच्या आधी काय उघडं हवं

नुसत्या स्कॅनरवर हे काम होत नाही. चार गोष्टी लागतात आणि त्या आधीच लावून ठेवा, नाहीतर अलर्ट आल्यावर धावपळ होते आणि त्या धावपळीत माणूस पायऱ्या गाळतो.

पहिली म्हणजे टाइम अँड सेल्स, म्हणजे प्रत्येक ट्रेड सेकंदासकट, भाव, क्वांटिटी, एक्स्चेंज, त्या क्षणाचे बिड-आस्क आणि कंडिशन कोड दाखवणारी यादी, हिलाच टेप म्हणतात. ती फक्त त्या एका स्ट्राईकची नको, त्या शेअरच्या सगळ्या ऑप्शन्सची एकत्र हवी, का ते चौथ्या पायरीत कळेल. दुसरी, शेअरचा स्वतःचा टाइम अँड सेल्स. तिसरी, ऑप्शन चेन, ज्यात प्रत्येक स्ट्राईकचा ओआय आणि इम्प्लाइड व्होलॅटिलिटी दिसते. चौथी, कंपनीचं कॅलेंडर: रिझल्ट कधी, एक्स-डिव्हिडंड कधी, आणखी काही ठरलेली तारीख आहे का.

याशिवाय एक साधी एक्सेल शीट, तिचं शेवटच्या पायरीत बघू.

सावधान: फुकटचे बरेच स्कॅनर पंधरा मिनिटं उशिराचा डेटा दाखवतात आणि ते कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. उशिराचा डेटा अभ्यासाला चालतो. त्यावरून "आत्ता कोणीतरी घेतंय" म्हणून उडी मारायला नाही.

## २. आधी फक्त जे घडलं ते लिहा, अर्थ नको

शीटमध्ये एक ओळ: वेळ, एक्स्पायरी, स्ट्राईक, कॉल का पुट, क्वांटिटी, भाव, त्या क्षणाचा बिड आणि आस्क, सकाळचा ओआय, शेअरचा भाव. "बुलिश" हा शब्द अजून लिहायचा नाही. "कोणीतरी विकत घेतले" असंही नाही. प्रत्येक ट्रेडमध्ये एक घेणारा असतो आणि एक विकणारा, टेपवर दोघांपैकी कोणाचंच नाव येत नाही आणि कोण नवी पोझिशन उघडतंय, कोण जुनी बंद करतंय हेही येत नाही. म्हणून ओळ अशी असावी: "१२,००० झाले, ०.९० ला."

आणि हा ट्रेड या शेअरसाठी खरंच अनयुजुअल आहे का ते इथेच बघून घ्या. वॉल्यूम ओआयपेक्षा जास्त ही अट स्कॅनरमध्ये सगळीकडे असते पण ती तशी ढिली अट आहे. नवीन वीकली एक्स्पायरी उघडली की ओआय शून्य असतो, तिथे पन्नास काँट्रॅक्ट्स झाले तरी रेशो आकाशाला भिडतो. त्यापेक्षा त्या शेअरमध्ये रोज एकूण किती ऑप्शन्स होतात ते बघा. ज्या शेअरमध्ये रोज चार लाख काँट्रॅक्ट्स होतात तिथे १२,००० म्हणजे काहीच नाही. आपल्या उदाहरणात शेअरचं रोजचं सरासरी वॉल्यूम ७,००० धरू, म्हणजे एकाच ट्रेडमध्ये जवळजवळ दोन दिवसांचं वॉल्यूम आलं. पुढे बघण्यासारखं आहे.

## ३. कोणत्या बाजूने झाला

आता बिड-आस्क. ट्रेडच्या क्षणी कोट ०.८० / ०.९० होता आणि ट्रेड ०.९० ला झाला, म्हणजे आस्कला. साधा समज असा की आस्कला झाला म्हणजे घाई घेणाऱ्याला होती. बहुतेक वेळा बरोबर असतं, पण तीन ठिकाणी फसतं.

एक, लोक ट्रेड *नंतरचा* कोट बघतात. मोठी खरेदी झाली की मार्केट मेकर लगेच भाव वर सरकवतो, कोट ०.८५ / १.०० होतो, आणि मग ०.९० मध्येच कुठेतरी झाल्यासारखा दिसतो. उलटंही होतं. ट्रेडच्या क्षणाचा कोटच धरायचा. फ्लोअरवरच्या ट्रेडची नोंद कधी कधी काही सेकंद उशिरा पडते, तेव्हा आजूबाजूचे कोटही तपासा.

दोन, मधल्या भावाला झालेले ट्रेड. मोठे ब्लॉक बहुतेक वेळा आधी बोलून ठरवलेले असतात आणि ०.८५ च्या आसपास होतात. अशा ट्रेडची बाजू टेपवरून कळत नाही, पूर्णविराम. स्कॅनर तरीही काहीतरी रंग देतोच कारण त्याला रंग द्यायचाच असतो.

तीन, स्वीप. ऑर्डर एकाच वेळी अनेक एक्स्चेंजवर गेली आणि प्रत्येक ठिकाणचा माल उचलला की तो स्वीप, आणि याला लोक "प्रचंड घाई" म्हणून वाचतात. पण ऑर्डर तुकडे करून सगळीकडे पाठवणं हे ब्रोकरचं सॉफ्टवेअर आपोआप करतं. कोणी ते बटण दाबताना घाम पुसत होतं असं काही नाही.

तपासा: ट्रेडनंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत त्या स्ट्राईकची इम्प्लाइड व्होलॅटिलिटी वर गेली का? खरी खरेदी असेल तर ती साधारण वर जाते. जागची हलली नाही किंवा खाली आली तर "आस्कला झाला म्हणजे घेतला" या निष्कर्षावर शंका घ्या. आपल्या उदाहरणात ती जवळजवळ हललीच नाही. इथे पहिली घंटा वाजायला हवी.

## ४. बाकीचे पाय शोधा

हीच ती पायरी जी सगळ्यात जास्त गाळली जाते आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून जरा सावकाश जाऊ.

मोठे खेळाडू एकटा कॉल किंवा एकटा पुट कमी वेळा घेतात. एका ऑर्डरमध्ये दोन, तीन, चार वेगवेगळे ऑप्शन्स, म्हणजे पाय, असतात. पण टेपवर प्रत्येक पाय वेगळी ओळ म्हणून छापला जातो आणि स्कॅनर त्यातली सगळ्यात भडक ओळ उचलून तुम्हाला दाखवतो. बाकीचे पाय त्याच्या फिल्टरमध्ये बसले नाहीत तर दिसतच नाहीत.

तर शेअरच्या सगळ्या ऑप्शन्सची एकत्र टेप घ्या आणि ट्रेडच्या सेकंदाच्या थोडं मागे-पुढे तीच क्वांटिटी शोधा. बरोबर १२,००० नसेल तर ६,००० किंवा २४,००० पण बघा, रेशो ट्रेड असतात. कंडिशन कोडही वाचा. `MLET`, `MLAT`, `MLCT`, `MLFT` असं काही दिसलं तर तो मल्टी-लेग ट्रेडचा पाय आहे हे टेप स्वतःच सांगतेय, बाकीचे पाय शोधायचं काम तेवढं तुमचं. काही प्लॅटफॉर्म हे कोड दाखवत नाहीत, नुसतं "स्प्रेड" लिहितात किंवा काहीच लिहीत नाहीत, मग क्वांटिटी आणि वेळ हाच आधार.

आपल्या ट्रेडवर `MLET` आहे. आणि त्याच सेकंदाला दुसरी ओळ सापडते: तीन आठवड्यांनी एक्स्पायर होणारे ५० चे कॉल, १२,००० काँट्रॅक्ट्स, १.१० ला, कोट होता १.१० / १.२०. म्हणजे बिडला. त्या स्ट्राईकवर सकाळचा ओआय १६,८००.

आता चित्र बघा. ५० चे जवळचे कॉल विकले, ५५ चे लांबचे घेतले. विकून आले १३ लाख २० हजार, घ्यायला गेले १० लाख ८० हजार. दोन लाख चाळीस हजार डॉलर खात्यात *जमा* झाले. अलर्ट म्हणत होता की कोणीतरी दहा लाख ओतले!

जवळच्या कॉलवर आधीच १६,८०० ओआय होता, म्हणून पहिला अंदाज रोलचा: कोणाकडे तरी ५० चे कॉल आधीपासून होते, त्याने ते विकून पोझिशन वरच्या स्ट्राईकला आणि पुढच्या एक्स्पायरीला नेली. पण अंदाजच, अजून पक्कं नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे. पॅकेज म्हणून झालेल्या ट्रेडमध्ये महत्त्वाचा असतो तो दोन पायांमधला फरक, सुटा भाव नाही. दोन्ही पाय पाच-पाच सेंटने सरकवले तरी पॅकेजचा भाव तोच राहतो. म्हणून सुट्या पायाचं "आस्कला" किंवा "बिडला" हे फार मनावर घेऊ नका, पॅकेजचा भाव काढा. इथे मधल्या भावाने फरक १.१५ वजा ०.८५, म्हणजे ०.३० मिळायला हवा होता. मिळाला ०.२०. म्हणजे जो ५० विकून ५५ घेत होता त्याने दहा सेंट सोडले, तोच ऑर्डर घेऊन आला होता. समजा ट्रेड ०.३० ला झाला असता तर हेही सांगता आलं नसतं, कारण मग शेअर्स हातात असलेला आणि त्यावर ५० चे कॉल विकून बसलेला फंड, जो आता ते परत घेऊन ५५ चे विकतोय, तोही तितकाच शक्य होता. म्हणजे बरोबर उलट्या बाजूचा माणूस.

सावधान: बाकीचे पाय सापडले नाहीत म्हणजे पाय नव्हतेच असं नाही. आज एक पाय, उद्या दुसरा असं मुद्दाम तोडूनही केलं जातं.

## ५. शेअरच्या बाजूला काही झालं का

कॉल घेतले आणि त्याच वेळी डेल्टाइतके शेअर्स विकले तर तो वर जाण्यावर लावलेला पैसा नाही, भाव कुठेही हलो पण हलू दे यावर लावलेला आहे. हे ओळखायला शेअरच्या टेपवर त्याच सेकंदांत मोठा ब्लॉक शोधायचा. किती मोठा ते आधी गणित करून घ्या: ५५ च्या कॉलचा डेल्टा ०.२२ धरला तर

```
12000 × 100 × 0.22 = 264000
```

म्हणजे २,६४,००० च्या आसपास शेअर्सचा एक प्रिंट दिसला तर कॉल शेअर्सला बांधलेले आहेत असं समजा. शेअर्ससकट पॅकेज म्हणून गेलेल्या ऑर्डरला टेपवर `TLET`, `TLCT`, `TLFT` असे कोड येतात. पण हेज वेगळ्या ऑर्डरने केलं तर कोड येणार नाही, गणितच करावं लागेल.

आपल्या उदाहरणात असा ब्लॉक नाही. रोलचा अंदाज टिकून आहे.

एक छोटी पण ठळक गोष्ट: एक्स-डिव्हिडंडच्या आदल्या दिवशी खूप आत असलेल्या, म्हणजे डीप इन-द-मनी कॉल्समध्ये हजारोंनी वॉल्यूम दिसतं. तो डिव्हिडंडसाठीचा खेळ असतो, शेअरच्या दिशेशी त्याचा संबंध नाही. सोडून द्या.

## ६. दुसऱ्या दिवशी सकाळी ओआय बघा

ओपन इंटरेस्ट दिवसातून एकदाच अपडेट होतो, क्लिअरिंग झाल्यावर, दुसऱ्या दिवशी बाजार उघडायच्या आधी. दिवसभर स्क्रीनवर जो ओआय दिसतो तो *कालचा* असतो. हे माहीत नसल्यामुळे लोक दुपारी "ओआय वाढला नाही अजून" म्हणून वाट बघत बसतात.

वाचायचं असं. दोन्ही बाजू नवीन असतील तर ओआय वाढतो. दोन्ही बाजू जुनी पोझिशन बंद करत असतील तर कमी होतो. एक नवीन आणि एक बंद करणारा असेल तर ओआय हलतच नाही, नुसता माल एका हातातून दुसऱ्या हातात जातो. म्हणून ओआय हलला नाही तर "ट्रेड बंद करण्याचा होता" असं सरळ म्हणता येत नाही, इतकंच म्हणता येतं की निदान एक बाजू तरी बाहेर पडली.

आपल्याकडे दुसऱ्या सकाळी:

५५ चे कॉल: ३,४०० वरून १५,२५० (दिवसाचं वॉल्यूम १२,६००)
५० चे कॉल: १६,८०० वरून ४,७२० (दिवसाचं वॉल्यूम १३,१००)

लांबचे उघडले, जवळचे बंद झाले. रोल, आता बऱ्यापैकी खात्रीने. आणि डेल्टा लावून बघा: आधी ५० च्या कॉलचा डेल्टा ०.३६ होता, म्हणजे ४,३२,००० शेअर्सइतका धोका अंगावर होता. आता ०.२२ ने २,६४,०००. ज्याला अलर्टने बैल ठरवलं त्याने प्रत्यक्षात १,६८,००० शेअर्सइतकी खरेदी *कमी* केली आणि वर रोख पैसे काढून घेतले. तो अजूनही वरच्याच बाजूला आहे, हे खरं. पण काल होता त्यापेक्षा कमी आहे.

तपासा: त्या दिवशी त्याच स्ट्राईकवर इतर वॉल्यूम किती होतं? तुमचा ट्रेड २,००० चा आणि दिवसाचं वॉल्यूम ३०,००० असेल तर ओआयच्या बदलातून तुमच्या ट्रेडबद्दल काहीच कळत नाही.

सावधान: त्याच दिवशी एक्स्पायर होणाऱ्या ऑप्शन्सना ही पायरी लागूच होत नाही, दुसऱ्या सकाळी ते अस्तित्वातच नसतात. तिथे उघडलं की बंद केलं हे कधीच कळणार नाही, आणि तरीही त्यांचे अलर्ट भरपूर येतात.

## ७. आता कुठे हेतू

इथवर आल्यावर तुमच्याकडे ट्रेड *काय* होता याचं बरं चित्र असतं. *का* केला हे वेगळं प्रकरण आहे आणि ते टेपमध्ये नाही. कारण सरळ आहे: टेपवर ऑप्शन दिसतो, त्या माणसाकडे बाकी काय आहे ते दिसत नाही. ज्याने शेअर शॉर्ट केलाय तो तोट्यापासून बचाव म्हणून कॉल घेतो, आणि टेपवर तो बुलिश दिसतो. ज्याच्याकडे वीस लाख शेअर्स आहेत तो विमा म्हणून पुट घेतो, आणि बेअरिश दिसतो, खरं तर पुट घेतल्यामुळेच त्याला शेअर्स धरून ठेवता येतात. कोणाकडे त्याच कंपनीचे कन्व्हर्टिबल बाँड असतात, कोणाचा बँकेशी परस्पर झालेला ओटीसी करार असतो, त्याचा एक तुकडा फक्त एक्स्चेंजवर उमटतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण जेपी मॉर्गनच्या हेज्ड इक्विटी फंडाचं, टिकर `JHEQX`. हा फंड अमेरिकेतले मोठे शेअर्स धरतो आणि दर तिमाहीच्या शेवटी एसअँडपी ५०० इंडेक्सवर तीन पायांचं पॅकेज लावतो: साधारण ५ टक्के खालचा पुट घ्यायचा, साधारण २० टक्के खालचा पुट विकायचा आणि त्याचा खर्च निघेल असा वरचा कॉल विकायचा. हजारो काँट्रॅक्ट्स, प्रचंड रक्कम. नुसता पुटचा पाय बघितला तर वाटेल बाजार कोसळणार हे कोणालातरी कळलंय, नुसता कॉलचा पाय बघितला तर वाटेल कोणीतरी वरचा रस्ता बंद केला. खरं कारण इतकंच की तिमाही संपली आणि फंडाच्या कागदपत्रांत असं करायचं लिहिलंय. इथे आपल्याला हेतू कळतो तो फंडाने स्वतः जाहीर केलाय म्हणून. बाकीचे मोठे ट्रेड असं पत्रक काढत नाहीत.

आणि उलटं टोक. फेब्रुवारी २०१३ मध्ये हाइन्झ कंपनी बर्कशायर हॅथवे आणि ३जी कॅपिटल घेणार अशी घोषणा झाली, भाव ७२.५० डॉलर. आदल्या दिवशी शेअर ६० च्या आसपास होता आणि एका स्विस खात्यातून जूनचे ६५ चे कॉल घेतले गेले. नंतर अमेरिकेची बाजार नियामक संस्था एसईसीने ते खातं गोठवलं, आतल्या माहितीवर ट्रेड केल्याचा आरोप ठेवला आणि त्याच वर्षी प्रकरण पैसे भरून मिटलं. तर त्या कॉल्सवर किती पैसे लावले होते? साधारण ९० हजार डॉलर. घोषणेनंतर त्याचे झाले १८ लाखांच्या आसपास. म्हणजे ज्या ट्रेडसाठी हे सगळे स्कॅनर विकले जातात, अगदी तो, तसा ट्रेड "दहा लाखांच्या वरचा प्रीमियम" या फिल्टरमध्ये आलाच नसता. स्वस्त, लांबचे, बाहेरचे कॉल्स, थोडक्या पैशात. मोठी रक्कम हा माहितीचा पुरावा आहे असं मला वाटत नाही. मोठी रक्कम बहुतेक वेळा मोठा पोर्टफोलिओ असल्याचा पुरावा असते.

फिल्टर खाली आणून ९० हजारांवर ठेवला तर प्रश्न सुटतो का? नाही, मग दिवसाला शेकडो अलर्ट येतील आणि त्यातले बहुतेक कोणाचे तरी साधे अंदाज असतील, रिझल्टच्या आधीचे, बातमी वाचून केलेले, नुसत्या हौसेने केलेले. हाइन्झचा ट्रेड खास होता हे घोषणा झाल्यावर कळलं.

तर या पायरीत करायचं काय: शीटमध्ये निदान तीन कारणं लिहा जी तुम्ही बघितलेल्या सगळ्या गोष्टींशी जुळतात, आणि प्रत्येकापुढे ते चूक आहे हे कशावरून कळेल ते. आपल्या रोलसाठी:

पहिलं, नफ्यातला माणूस थोडे पैसे काढून घेतोय पण शेअर आवडतो. हे असेल तर जवळचे कॉल आधी कधीतरी स्वस्तात उघडलेले असायला हवेत, ५० च्या कॉलचा ओआय कोणत्या दिवशी वाढला आणि त्या दिवशी भाव काय होता ते मागे जाऊन बघता येतं.

दुसरं, तो तोट्यात आहे आणि वेळ विकत घेतोय. हेही त्याच तारखेवरून तपासता येतं, कॉल १.१० पेक्षा महाग उघडले होते का.

तिसरं, त्याला रिझल्टपर्यंत पोझिशन ठेवायची आहे आणि जवळची एक्स्पायरी रिझल्टच्या आधी संपते. कॅलेंडर बघा. रिझल्ट पाच आठवड्यांनी असेल तर हे कारण एकदम दमदार होतं, आणि मग लक्षात घ्या की या कारणात "त्याला काहीतरी माहितीये" असं काहीच नाही, तारीख सगळ्यांना माहीत आहे.

तीनही कारणं एकाच वेळी खरी असू शकतात. आणि शेअर शॉर्ट असलेल्याचं हेज ही चौथी शक्यता उरतेच, ती तुमच्याकडच्या कुठल्याच डेटाने खोडता येत नाही. ती शीटमध्ये तशीच राहू द्या, पुसू नका.

## ८. तरीही ट्रेड करायचा असेल तर

दोनच गोष्टी बोलतो. एक म्हणजे भाव. त्याने ०.९० ला घेतले, अलर्टनंतर कोट ०.८५ / १.०० झाला, तुम्ही १.०० ला घेतले आणि पुढच्या मिनिटाला विकायचं ठरवलं तर ०.८५ मिळतील, म्हणजे शेअर हललाही नाही आणि १५ टक्के गेले. त्याच्याकडे शिवाय ५० चे कॉल विकून आलेले पैसे होते, तुमच्याकडे नाहीत. तुम्ही त्याचा अर्धाच ट्रेड, तोही महाग, नक्कल करताय.

दुसरं, तो कधी बाहेर पडेल हे तुम्हाला कळणार नाही. त्याच्या खरेदीचा अलर्ट वाजला, विक्रीचा वाजेलच असं नाही, तो वीस तुकड्यांत बाहेर पडेल आणि तुमच्या स्क्रीनवर काहीच येणार नाही. म्हणून स्वतःची बाहेर पडायची अट ट्रेडच्या आधी लिहा आणि त्या अटीत "मोठा माणूस अजून आत आहे" हे कारण नको.

## ९. नोंद ठेवायची पद्धत

शीटमध्ये प्रत्येक अलर्ट टाका, ज्यावर ट्रेड केला नाही तोही, पहिल्या दोन पायऱ्यांत बाद झाला तोही. फक्त चालले ते लिहिले की दोन महिन्यांत शीट सोन्याची दिसायला लागते. प्रत्येक ओळीपुढे हे रकाने ठेवा: ट्रेडच्या क्षणाचे बिड-आस्क, सापडलेले पाय, शेअरचा ब्लॉक होता की नाही, दुसऱ्या सकाळचा ओआय, तुमची कारणं, आणि मग पाच, दहा आणि वीस ट्रेडिंग दिवसांनी शेअर कुठे होता.

शेवटचा रकाना लोक विसरतात: त्याच दिवसांत त्या क्षेत्राचा इंडेक्स किती हलला. सगळा बाजार सहा टक्के वर गेला असेल आणि तुमचा अलर्टवाला शेअर पाच टक्के, तर अलर्ट "चालला" असं लिहू नका. आणि तुलनेला त्याच शेअरचे असे दिवसही घ्या ज्या दिवशी कुठलाच अलर्ट आला नव्हता. दोन्ही गटांत पुढच्या दहा दिवसांची हालचाल सारखीच निघाली तर तो फिल्टर बंद करा आणि दुसऱ्या फिल्टरला तीच शीट लावा.